डावीकडून तिसरा गुलाबी

मावळात कुणाच्याही घरी चार शब्द लिहायची वेळ आली की अण्णांना निरोप जातो. बारशाची पत्रिका, दशक्रियेची जाहिरात, दुकानाच्या उद्घाटनाचा फ्लेक्स, सोसायटीच्या निवडणुकीत पडलेल्या उमेदवाराचं आभारपत्र, अण्णा सगळं लिहून देतात आणि बदल्यात चहा घेतात. साखर कमी टाकायला सांगतात आणि कप रिकामा झाला की आणखी अर्धा मागतात, त्यामुळं साखर जायची तेवढी जातेच. असा एक अण्णा प्रत्येक तालुक्यात असतो. ऐन उमेदीत त्यानं पुण्याच्या कुठल्यातरी वर्तमानपत्राला गावाकडच्या बातम्या पाठवलेल्या असतात, मानधन किती मिळायचं ते तो बायकोलाही सांगत नाही आणि खिशाला दोन पेनं लावायची सवय पेन्शनीच्या वयातही सुटलेली नसते. आमचे अण्णा कामशेतचे. हल्ली दोन पेनांच्या मध्ये मोबाइल आला आहे, एवढाच काय तो फरक.

वर्षभर अण्णा सगळ्यांचे असतात. धुळवडीला मात्र त्यांच्या ओट्यावर रांग लागते. ज्याला त्याला रंगवलेल्या तोंडाचा फोटो स्टेटसला टाकायचा असतो आणि खाली काय लिहावं ते कुणालाच सुचत नसतं. लोक त्याला कॅप्शन म्हणतात. अण्णा 'ओळ' म्हणतात, कारण वर्तमानपत्राच्या कचेरीत फोटोखालच्या मजकुराला फोटोओळ म्हणायचे आणि अण्णा अजून मनानं तिथंच नोकरीला आहेत.

या ओळीबद्दल अण्णांचं एकच शास्त्र आहे. फोटोत दिसतं ते ओळीत लिहायचं नाही. हे शास्त्र त्यांना कुणी शिकवलं नाही, काळ्यापांढऱ्या छपाईनं शिकवलं. त्या काळी रंगाचा सण आला की फोटोत रंग सोडून सगळं असायचं. छत्तीस फोटोंचा रोल कॅमेऱ्यात घालून अण्णा वडगावच्या चौकात उभे राहायचे, रोल धुऊन निघाला की त्यातला बरा फोटो पाकिटात घालून सकाळच्या लोकलनं पुण्याला जाणाऱ्या ओळखीच्या पासवाल्याच्या हाती द्यायचे. दुसऱ्या दिवशी पेपरात जे छापून यायचं ते पाहून परक्या माणसाला वाटावं, मावळात कोळशाची खाण लागली असून मजूर आनंदात आहेत. गुलाबी, हिरवा, केशरी, सगळे रंग छपाईत एकाच काळसर राखाडीत जमा व्हायचे. मग रंग कुठून आणायचा? तो ओळीनं आणायचा. 'गुलालानं माखलेली मुलं, पळसाच्या फुलांच्या केशरी पाण्यानं भरलेली बादली' असं खाली लिहिलं की वाचणारा वरचा राखाडी फोटो डोक्यात रंगवून घ्यायचा.

"आता फोटोच रंगीत निघतो," अण्णा म्हणतात. "मग खाली 'रंगांची उधळण' लिहून तू नवीन काय सांगतोस? वाचणाऱ्याला डोळे नाहीत?"

तरीही लोक रंगांची उधळणच लिहितात. उधळण, न्हाऊन निघालेली तरुणाई, आबालवृद्धांचा जल्लोष ही त्रिमूर्ती अण्णांच्याच पिढीनं पेपरात बसवली आणि आता ती हलत नाही, याची त्यांना मनातून थोडी लाजही आहे. पण ती ते बोलून दाखवत नाहीत. चहा मागवतात.

अण्णांचा दुसरा जुना छळ म्हणजे 'डावीकडून'. पेपरच्या फोटोओळीत माणसं डावीकडून मोजायची आणि नावं लिहायची हा दंडक. सत्काराच्या फोटोत ते सोपं असतं, कारण हार घातलेला माणूस मध्ये असतो आणि हार घालणारा कॅमेऱ्याकडे बघत असतो. धुळवडीच्या फोटोत सगळ्यांची तोंडं एकसारखी. एका वर्षी अण्णांनी दोन नावं उलटीपालटी लिहिली. त्यात ज्या दोघांचा बांधावरून दावा चालू होता तेच दोघं एकमेकांच्या नावानं छापले गेले. दोघंही पेपर घेऊन अण्णांच्या घरी आले, आयुष्यात पहिल्यांदा एकत्र.

तेव्हापासून अण्णा रंगवलेला माणूस तोंडावरून ओळखत नाहीत. ते कान बघतात. रंग लावणारा गाल, कपाळ, मान आणि केस यांवर हात चालवतो, पण कानाच्या मागं सहसा कुणी जात नाही, त्यामुळं कानाचा आकार आणि मूळ रंग दोन्ही शाबूत राहतात. मग दात. हसणाऱ्या माणसाचे दात रंगलेल्या तोंडात एरवीपेक्षा पांढरे दिसतात आणि दोन दातांमधली फट तर ओळखपत्रासारखी लांबून वाचता येते. तिसरी खूण पायात. नवा शर्ट सांभाळायला म्हणून माणूस धुळवडीला जुना, कुणाचाही शर्ट चढवतो, पण चपला स्वतःच्याच घालतो. ही विद्या पोलिसांना उपयोगी पडेल असं अण्णांचं मत आहे. पोलिसांनी अजून विचारलेलं नाही.

लोणावळ्याकडून येणारं काम वेगळ्या जातीचं असतं. होळीच्या सुट्टीला मुंबईची मंडळी बंगले भाड्यानं घेतात, पवनेच्या काठी तंबूत राहतात आणि पांढरे झकपक कुडते घालून रंग खेळतात. बंगल्याची देखभाल करणारा आमच्या ओळखीचा एक मुलगा त्यांचे फोटो काढून देतो आणि ओळीसाठी अण्णांना पाठवतो. अण्णा फोटो बघून वेळ सांगतात. दोन्ही गालांवर दोन दोन बोटांच्या सरळ रेघा, कुडता कोरा, केस विंचरलेले, म्हणजे सकाळचे नऊ. अजून कुणी खेळलेलं नाही, फोटोपुरतं लावून घेतलंय. निम्मं तोंड गुलाबी, निम्मं हिरवं आणि माणूस अजून ओळखू येतोय, म्हणजे अकरा. सगळ्यांच्या अंगावर एकच मळकट जांभळा-तपकिरी रंग, म्हणजे एक वाजून गेला. किती का रंग आणा, सगळे एकमेकांत कालवले की शेवटी चिखलाचाच रंग उरतो. पूर्वी आपल्याकडं धुळवड म्हणजे होळीची राख आणि चिखलच असायचा आणि रंग पाच दिवसांनी पंचमीला. सरकारी सुट्टी धुळवडीला असते, पंचमीला नसते, म्हणून रंग सरकत सरकत सुट्टीवर येऊन बसला. अण्णांच्या मते दुपारी एकपर्यंत खेळणारा माणूस पैसे खर्चून आजोबांच्या चिखलापाशीच पोचतो.

ओळ फोटोतल्या वेळेला जुळली पाहिजे, हे अण्णांचं पोटकलम. नऊच्या फोटोखाली 'बेभान' लिहिलेलं त्यांना चालत नाही. "भांग विस्कटला नाही आणि बेभान कसला?" असं विचारून ते मूळ ओळ खोडतात. अशाच एका कोऱ्या कुडत्याच्या फोटोला त्यांनी ओळ दिली होती : 'कुडता परत करायचाय, जरा बेतानं.' मुंबईच्या पाहुण्यानं ती बरेच वेळा वाचली आणि शेवटी इंग्रजीत काहीतरी टाकलं. कुडता खरंच परत करायचा असावा.

यंदा आमच्या घरचा फोटो होता, म्हणून मी सगळा कारभार जवळून पाहिला.

फोटोत आम्ही आठ जण. थोरला दादा, वहिनी, तळेगावला कॉलेजात जाणारा पुतण्या, लोणावळ्याची आत्या, तिचे यजमान, दोन लहान पोरं आणि मधोमध खुर्चीवर आजी. मी फोटो काढत होतो. पहिले तीन फोटो धुकट आले. इंद्रायणीकाठी मार्चमध्ये धुकं कुठून येणार? माझ्या रंगलेल्या बोटानं कॅमेऱ्याची काच माखली होती आणि तेल-गुलालाचा तो पातळ थर उजेड पसरवत होता. फोनही अंगठ्याला दाद देईना, तोंडाला ओळखेना, आकडे दाबून उघडावा लागला. बनियनच्या कोरड्या कोपऱ्यानं काच पुसली आणि सगळ्यांना उन्हातून ओट्याच्या सावलीत घेतलं, कारण डोक्यावरच्या उन्हात एकतर डोळे मिटतात, नाहीतर कपाळावरचा गुलाल एवढा चमकतो की खालचं तोंड काळं पडतं. चौथा फोटो जमला. सगळे जांभळे, गुलाबी, हिरवे, आणि आजी मात्र धुतल्या तांदळासारखी स्वच्छ.

पुतण्याला फोटो इन्स्टाग्रामवर हवा होता, दादाला भावकीच्या ग्रुपवर आणि वहिनीला चोवीस तासांच्या स्टेटसला, कारण चोवीस तासांनी तो आपोआप जातो आणि तिची ती साडी माहेरच्या लग्नातली होती. तिघंही आपापली ओळ घेऊन अण्णांपुढं बसले.

दादा आधी बोलला. त्याला पुढच्या वर्षी पंचायतीला उभं राहायचंय. त्याची ओळ : 'रंगांच्या उधळणीत न्हाऊन निघालेला आमचा परिवार, शुभेच्छुक...' आणि पुढं त्याचं नाव, पदाची जागा सध्या रिकामी.

"न्हाऊन निघालात?" अण्णांनी विचारलं.

"हो मग."

"मग वहिनींनी मघाशी बंब कशाला पेटवला?"

दादा गप्प झाला. पुतण्यानं हिंदीत 'वाईट वाटून घेऊ नका, होळी आहे' अशा अर्थाचं ते नेहमीचं वाक्य पुढं केलं. अण्णांनी मान हलवली. "आपल्याकडं शिमग्याला थेट बोंब मारतात रे. परवानगी मागून बोंब मारणारा माणूस मी अजून पाहिला नाही." मग पुतण्यानं एका सिनेमाच्या गाण्याची ओळ सुचवली. अण्णांनी त्याच्याच फोनवर त्या संध्याकाळचे त्याच्याच मित्रांचे फोटो एकामागून एक सरकवून दाखवले. तीच ओळ, सगळ्यांच्या खाली. पुतण्याला त्यात दोष दिसेना. उलट ओळ बरोबर असल्याची खात्री पटली.

शेवटी त्यानं स्वतः लिहिलेली ओळ काढली. आयुष्य हे एक कोरं पान असून त्यात रंग आपणच भरायचे असतात, इथून ती सुरू होत होती आणि नाती, पाऊस, मैत्री असं करत खूप खाली जात होती. इन्स्टाग्राम बावीसशे अक्षरं लिहू देतं, म्हणून त्यानं ती वापरली होती.

"लिहू देतं," अण्णा म्हणाले, "वाचू देत नाही. साधारण सव्वाशे अक्षरांपुढचं ते दुमडून ठेवतं. म्हणजे लोक वाचणार कोरं पान, आणि रंग राहणार घडीत." मग जरा आवाज उतरवून म्हणाले, "आणि बाळा, तोंडाला एवढा हिरवा रंग फासलेल्या माणसानं आयुष्याबद्दल बोलू नये. शोभत नाही."

यावर वहिनी पहिल्यांदा हसली. तिची स्वतःची मागणी माफक होती. ओळीत साडी येऊ नये.

मग अण्णांनी फोटो हातात घेतला. चष्मा कपाळावर सरकवला, फोटो दोन बोटांनी मोठा केला आणि डावीकडून सुरुवात केली. कान, दात, चपला. आत्याचे यजमान त्यांनी अंगठ्यापासच्या तुटक्या पट्ट्यावरून ओळखले. एका पोराच्या गालावर पाच बोटं अगदी सुटी सुटी उमटली होती. अण्णा तिथं थांबले. दुसऱ्या पोराचा गाल बघितला. तिथंही पाच बोटं. मग दादाचा गाल, मग पुतण्याचा. जांभळ्या लेपाखाली प्रत्येकाच्या उजव्या गालावर तोच गुलाबी पंजा, लहानसा, करंगळी जरा वाकडी.

"हा हात कुणाचा?"

कुणी बोलेना. अण्णांनी फोटो मधोमध आणला. आजीची साडी स्वच्छ, तोंड स्वच्छ, पांढरे केस स्वच्छ. आणि मांडीवर घडी घातल्यासारखे ठेवलेले दोन हात मनगटापर्यंत गुलाबी.

झालं होतं ते असं. आजी सकाळपासून ओट्यावर खुर्ची टाकून बसली होती. तोंडाला रंग लावून घ्यायचा नाही हे तिनं आदल्या रात्री पुरणपोळी वाढतानाच जाहीर केलं होतं. पायांवर चिमूटभर गुलाल टाका आणि नमस्कार करा, एवढी सूट. त्याप्रमाणं जो तो येऊन वाकायचा. वाकला की आजी आशीर्वादाला हात उचलायची आणि तो हात डोक्याऐवजी गालावर बसायचा. गुलालाची परात तिनं खुर्चीमागं ठेवली होती. मागाहून प्रत्येकाला वाटलं की हा प्रकार आपल्या एकट्याशीच झाला, आणि ऐंशीच्या पुढच्या बाईनं आपल्याला फसवलं हे कोण सांगणार? पायांवरचा गुलाल फोटोत दिसत नव्हता. पुरावा राहिला तो हातांवर.

अण्णांनी खिशातलं पेन काढलं. मोबाइलवर लिहायचं असलं तरी ते आधी कागदावर लिहितात. मागच्या वर्षीच्या पावतीच्या पाठीवर त्यांनी लिहिलं :

'आजीला रंग लावायची कुणाची छाती नाही. आम्हाला कुणी लावला? आजीचे हात बघा.'

मला विचाराल तर मावळात धुळवडीच्या फोटोला याच्यापेक्षा बरी ओळ मी पाहिलेली नाही. त्यात रंग हा शब्द एकदाच आहे, आणि तोही न लावलेला. कुणाला उपदेश नाही, साडी नाही, परिवार नाही. शेवटचे दोन शब्द वाचले की माणूस फोटोकडं परत जातो आणि पहिल्यांदा बघताना जे सुटलं होतं ते त्याला सापडतं. तिघांचाही नाइलाज झाला. पुतण्यानं खाली हॅशटॅगची माळ लावली आणि दादानं 'शुभेच्छुक' घुसवलंच, पण ओळ तीच गेली.

इन्स्टाग्रामवर लोकांनी हात बघितले. वहिनीच्या स्टेटसवर तिच्या माहेरच्यांनी साडी बघितली, ते होणारच होतं. भावकीच्या ग्रुपवर मात्र वेगळंच घडलं. ठाण्याच्या चुलत काकांनी चष्म्याशिवाय फोन उघडला असावा. त्यांना दिसली मधोमध खुर्चीवर बसलेली स्वच्छ, शांत आजी आणि भोवती तोंडं काळवंडलेली सगळी मंडळी. त्यांनी लगोलग लिहिलं : 'भावपूर्ण श्रद्धांजली.'

त्यांच्या पाठोपाठ डोंबिवलीहून दोन जोडलेले हात आले. मग तळेगावहून 'देव मृतात्म्यास शांती देवो'. नाशिकच्या मामेभावानं कारण विचारलं, तर अंदर मावळातल्या एका पाहुण्यानं परस्पर 'वार्धक्य' असं सांगून टाकलं. वर दादाचं 'शुभेच्छुक' होतंच, त्यामुळं आमच्या घरावर दुःखाचा डोंगर कोसळला असून दादानं तो शुभेच्छांसह कळवला आहे, असं चित्र तयार झालं.

अण्णा फोनकडं बघत राहिले. त्यांची इतक्या वर्षांतली सगळ्यात चांगली ओळ कुणी वाचलीच नव्हती. वाचली असती तर श्रद्धांजली वाहिली नसती, हा त्यांचा मुद्दा बरोबर होता, पण तो ऐकायला कुणी मोकळं नव्हतं, कारण तोवर फोन वाजायला लागले होते. दादा ओट्यावर येरझाऱ्या घालत प्रत्येकाला "नाही हो, आहे, आहे" म्हणत होता.

आजीला पुतण्यानं सगळं वाचून दाखवलं. तिनं ते शांतपणे ऐकलं. कोणी काय लिहिलं ते नावानिशी पुन्हा एकदा विचारून घेतलं, डोंबिवलीच्या दोन हातांबद्दल "एवढंच?" म्हणाली आणि ठाण्याला फोन लावायला सांगितला. गुलाबी हातानं फोन कानाला धरला.

"आरं, मी बोलतीय," ती म्हणाली. पलीकडून बराच वेळ आवाज आला नाही. "हां, मीच. रडतोस कशाला? तेराव्याला येशील न्हवं? मग येताना लोणावळ्याला उतर. चिक्की नको आणू, मला चावत न्हाई. फज आण."